लेखकाचे टिपण : मुलांच्या ऑडिओबुकमधील आवाज आणि गती

छापील पुस्तकात कोण बोलतो आहे हे मुलाला डोळ्यांनी कळते. अवतरणचिन्ह दिसते, ओळ बदललेली दिसते, शेजारच्या चित्रात आजीने टोपली धरलेली दिसते, आणि शंका आली तर दोन ओळी मागे जाता येते. ऑडिओबुकमध्ये यांतले काहीच उरत नाही. ही सगळी कामे एका माणसाच्या आवाजाला करावी लागतात, म्हणून रेकॉर्डिंगपूर्वी लेखक व्हॉइस आर्टिस्टला जे टिपण पाठवतो त्यात दोनच प्रश्नांची उत्तरे नेमकी असावी लागतात: आत्ता कोण बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला कशावरून कळेल, आणि कुठल्या जागी त्याला क्षणभर वेळ लागेल. पहिले उत्तर पात्रांच्या आवाजांचे, दुसरे गतीचे.

बहुतेक टिपणे विशेषणांमुळे वाया जातात. ‘आजीचा आवाज प्रेमळ’, ‘बंटू खोडकर’, ‘कंडक्टर रागीट पण मनाने चांगला’ असे लिहून लेखकाला समाधान मिळते, पण माइकसमोर उभ्या असलेल्या कलाकाराला त्यातून करण्यासारखे काही हाती लागत नाही. प्रेमळपणा घशात कुठे ठेवायचा? उपयोगी नोंद शरीराची आणि सवयीची असते. हे पात्र श्वास कुठे घेते, वाक्य पुरे करते की मध्येच सोडते, शब्द ओठांशी येतात की घशात अडकतात, समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबते की नाही, आणि त्याला समोरच्याकडून काय हवे आहे. एवढे कळले की प्रेमळपणा कलाकार स्वतः आणतो.

एक उदाहरण घेऊन हे सविस्तर पाहता येईल. समजा, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी साधारण १२,००० शब्दांचे एक पुस्तक आहे. नऊ वर्षांची सई, तिचा पाच वर्षांचा भाऊ बंटू आणि आजी संध्याकाळच्या एसटीने गावी निघाले आहेत. आजीच्या पायाशी टोपली आहे आणि टोपलीत कोंबडी आहे. घाटात गाडी बंद पडते. त्या प्रसंगातल्या काही ओळी अशा:

गाडी घाटाच्या मध्यावर थांबली. आतले दिवे गेले.
“ए आजी, गाडी का थांबली?” बंटूने विचारले.
“झोप रे बाळा. आत्ता सुटेल.”
“सुटणार नाही,” टोपलीतून कोंबडी म्हणाली.
सईने आजीकडे पाहिले. आजीला ऐकू गेलेच नव्हते.
“कोण बोलले?” सई कुजबुजली.

या ओळींत चार आवाज आहेत, आणि निवेदन धरले तर पाच. टिपणाची सुरुवात निवेदनापासूनच करावी, कारण पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग तेच व्यापते आणि बाकीचे सगळे आवाज त्याच्या तुलनेत ओळखले जातात. निवेदनाचा आवाज कलाकाराचा स्वतःचा, रोजच्या बोलण्याचा असावा. मुलांचे पुस्तक म्हणून निवेदनच लाडिक केले, तर पात्रांसाठी जागा उरत नाही. निवेदक आधीच गोड बोलत असेल तर सई वेगळी कशी ऐकू येणार? आणि सहा वर्षांच्या मुलालाही आपल्याशी बाळासारखे बोलले जात आहे हे लगेच कळते. निवेदक कथेच्या कोणत्या बाजूला उभा आहे, हेही लेखकाने सांगितले पाहिजे. या पुस्तकात तो सईच्या खांद्यामागे आहे. सईला दिसते तेवढेच त्याला दिसते, म्हणून कोंबडी बोलणार हे त्यालाही आधी ठाऊक नाही. हे एक वाक्य टिपणात असले की “सुटणार नाही” च्या आधी कलाकाराच्या आवाजात गूढपणाचा इशारा येत नाही आणि मुलाला धक्का खराखुरा बसतो.

बंटूचा आवाज ही सर्वांत अवघड जागा. प्रौढ कलाकार लहान मुलाचे बोलणे करायला निघाला की पहिल्यांदा पट्टी चढवतो. लहान मुलांच्या आवाजाची पट्टी मोठ्यांपेक्षा बरीच वरची असते हे खरे, पण त्यांचा आवाज वेगळा लागण्याचे ते एकच कारण नाही. घशापासून ओठांपर्यंतची जी पोकळी आवाजाला घडवते, तीच मुलांमध्ये आखूड असते. प्रौढ माणसाला पट्टी चढवता येते, ती पोकळी मुलाएवढी करता येत नाही. म्हणून नुसत्या चढ्या पट्टीतला बंटू मुलासारखा न वाटता चिरका आवाज काढणाऱ्या मोठ्या माणसासारखा वाटतो. शिवाय तो आवाज तासभर टिकत नाही, घसा ताणला जातो, आणि त्या उंचीवर भाव दाखवायला जागाच नसल्याने बंटूचे रडणे आणि हसणे सारखेच ऐकू येते.

त्याऐवजी टिपणात बंटूची बोलण्याची रीत लिहावी. पाच वर्षांचा मुलगा श्वास पुरवून वाक्याची आखणी करत नाही. वाक्याच्या मधोमध, नको त्या ठिकाणी त्याचा श्वास संपतो. सगळे शब्द त्याच्या दृष्टीने सारख्याच महत्त्वाचे असतात, त्यामुळे ‘गाडी’, ‘का’ आणि ‘थांबली’ या तिन्हींवर जोर येतो. प्रश्न विचारून झाल्यावर तो उत्तराची वाट पाहतो, आणि ती वाट पाहणेही आवाजात ऐकू येते. जीभ किंचित पुढे, ओठ मोकळे, पट्टी कलाकाराच्या नेहमीच्या पट्टीहून जराशीच वर. बोबडे बोल मात्र लेखकाने संहितेत लिहिले असतील तेवढेच. ‘र’ चा ‘ल’ करणारे मूल पुस्तकभर ऐकवले तर गंमत पहिल्या दोन पानांत संपते आणि पुढे शब्द कळेनासे होतात.

सई आणि बंटू यांच्यातला फरक वयाचा कमी आणि स्वभावाचा जास्त ठेवला तर तो कानाला लवकर कळतो. सई बोलण्याआधी विचार करते. तिच्या वाक्यांच्या आधी अगदी छोटा विराम असतो आणि वाक्य सुरू झाले की ते सरळ शेवटपर्यंत जाते. बंटू विचार करता करता बोलतो. पट्टी दोघांची जवळजवळ एकच राहिली तरी, एक आधी थांबते आणि दुसरा मध्ये थांबतो, एवढ्यावर ऐकणारे मूल दोघांना वेगळे ओळखते. आवाजांतले अंतर लहान ठेवून ते प्रत्येक वेळी तितकेच राखणे, हे मोठी सोंगे काढण्यापेक्षा कठीण असते आणि मुलांच्या पुस्तकाला त्याचाच उपयोग होतो.

आजीबद्दलची नोंद एका शब्दाने बिघडू शकते, आणि तो शब्द म्हणजे ‘थरथरता’. गावी शेती पाहणारी साठीतली बाई थरथरत बोलत नाही. तिचा आवाज भरलेला असतो, कारण ती आयुष्यभर अंगणातून शेतापर्यंत हाका मारत आली आहे. या प्रसंगात ती अर्धवट झोपेत आहे, म्हणून “झोप रे बाळा” हे शब्द खाली, छातीतून, शेवटची अक्षरे मिटवत यावेत. पुढच्या प्रकरणात तीच आजी ड्रायव्हरला जाब विचारणार आहे. पहिल्याच वाक्याला तिला खोकत, कापत आणले तर तो प्रसंग कलाकाराला पेलता येणार नाही. म्हणून टिपणात प्रत्येक पात्राची पुस्तकातली सर्वांत मोठ्या आवाजाची आणि सर्वांत हळू बोलण्याची जागा पानासह द्यावी. आवाज ठरवताना कलाकाराला ही दोन टोके दिसली पाहिजेत.

कोंबडीचा आवाज ऐकायला सगळ्यांत सोपा वाटतो आणि चुकतोही तिथेच. बोलणारी कोंबडी म्हटले की कुकुकुचा सूर, भरभर बोलणे आणि नाकातला आवाज आपोआप येतो. पण या कथेत कोंबडीच तेवढी शांत आहे. तिला घाट माहीत आहे, गाडीचा बिघाड माहीत आहे, आणि तिला कुणाला घाबरवायचे नाही. तिचा आवाज खालच्या पट्टीत, कोरडा, एका सुरात असावा, तीस वर्षे एकाच वर्गाला गणित शिकवलेल्या बाईंसारखा. पहिल्या वाक्यात पक्ष्याचा आवाज अजिबात नको. कोंबडी आहे हे मुलाला ‘टोपलीतून कोंबडी म्हणाली’ या शब्दांनी कळू द्यावे, कारण तो धक्का लेखकाने त्या शब्दांत ठेवला आहे.

इथे मराठी संहितेतली एक अडचण समोर येते. ‘सई कुजबुजली’, ‘कंडक्टर ओरडला’, ‘आजी हसत म्हणाली’ हे शब्द बहुधा बोलण्याच्या नंतर येतात. डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, त्याची नजर पुढे गेलेली असते. माइकसमोर पहिल्यांदा वाचणारा कलाकार मात्र “कोण बोलले?” हे नेहमीच्या आवाजात म्हणून मोकळा होतो आणि मग त्याला कळते की ती कुजबुजत होती. लगेच रिटेक. म्हणून लेखकाने रेकॉर्डिंगच्या प्रतीत अशा प्रत्येक संवादाच्या आधी समासात खूण करावी. ‘ओरडला’ हा शब्द ऐकू येणाऱ्या ओरडण्यानंतर पुन्हा उच्चारण्याची गरज आहे का, तेही तेव्हाच ठरवावे. दोन पात्रांची शाब्दिक झटापट चालू असताना दर ओळीला ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ ऐकणे कंटाळवाणे होते. आवाज स्पष्ट वेगळे असतील तर त्यातले काही शब्द गाळता येतात. ते कोणते, हे लेखकाने स्वतः प्रतीत खोडून दाखवावे. कलाकाराने आपल्या मनाने गाळले तर छापील पुस्तक हातात धरून ऐकणाऱ्या मुलाची ओळ चुकते.

बोलीभाषेची पात्रे असतील तर टिपण अधिक काटेकोर हवे. कंडक्टर कोल्हापूरकडचा आहे. “इंजान तापलंय. पाणी घालतो, मग निघू. जरा दम धरा,” असे तो म्हणतो. याच्या शेजारी ‘गावरान टोन’ एवढेच लिहिले तर सिनेमातला साचेबंद गावकरी ऐकू येण्याची शक्यता मोठी असते, आणि कोल्हापूर, विदर्भ, तळकोकण यांचे एकच कडबोळे होते. कोल्हापूरकडचा माणूस ‘लई’ म्हणतो, वऱ्हाडातला ‘काऊन’ विचारतो, मालवणी माणूस ‘खय’. प्रत्येकाच्या वाक्याचा चढउतारही निराळा. लेखकाने त्या भागातल्या बोलण्याची दोन-तीन मिनिटांची ध्वनिफीत पाठवावी आणि कुठले शब्द बोलीत आहेत, कुठले प्रमाण उच्चारात, हे ओळीगणिक सांगावे. संहितेत ‘पाणी’ असेल तर कलाकाराने ‘पानी’ करू नये. ‘न’ आणि ‘ण’ ची अदलाबदल करून पात्राला अडाणी दाखवण्याची सवय मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर जुनी आहे. ती मुलांच्या कानांवर पडू नये असे लेखकाला वाटत असेल, तर ते त्याने स्पष्ट लिहावे.

उच्चारांची यादी वेगळ्या पानावर असावी. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा, जगाच्या पाठीवरचे ‘जग’ आणि जगण्यातले ‘जग’ वेगळे. मराठी बोलत वाढलेल्या कलाकाराला हे सांगावे लागत नाही, पण गावांची नावे, आडनावे आणि लेखकाने बनवलेले शब्द यांत त्याचीही फसगत होते. ही यादी लेखकाने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून द्यावी, एकेक शब्द दोनदा. संवाद मात्र स्वतः म्हणून पाठवू नयेत. लेखकाची चाल एकदा कानात बसली की कलाकार तिची नक्कल करू लागतो, आणि नकलेत दोघांचेही चांगले गुण हरवतात.

अशा टिपणामुळे लेखकाच्या शब्दांचे बंधन अकारण वाढते असे वाटू शकते. शब्दांच्या अशा बंधनाचा एक किस्सा स्टीफन फ्राय यांनी सांगितला आहे. हॅरी पॉटरच्या ब्रिटिश ऑडिओबुकसाठी वाचताना, हॅरीने एक वस्तू खिशात टाकली अशा अर्थाची दोन-तीन शब्दांची रचना त्यांच्या जिभेवर काही केल्या येईना. त्यांनी लेखिका रोलिंग यांना ती थोडी बदलू देण्याची विनंती केली, ती नाकारली गेली, आणि पुढच्या पुस्तकांत तीच रचना पुन्हा येत राहिली. बहुतेक लेखकांनी ही विनंती मान्य करावी. जे वाक्य व्यावसायिक कलाकाराच्या तोंडून चार टेकमध्ये नीट निघत नाही, ते झोपताना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या पालकाच्याही तोंडून निघत नसते. म्हणून टिपण पाठवण्याआधी लेखकाने सबंध पुस्तक एकदा मोठ्याने वाचावे आणि जिथे जीभ अडखळते तिथे पर्यायी शब्द लिहून ठेवावेत.

ठरलेला आवाज शेवटपर्यंत तोच ठेवणे हा स्वतंत्र प्रश्न आहे. हॅरी पॉटरच्या अमेरिकी आवृत्त्या वाचणारे जिम डेल यांनी मालिकेतल्या पाचव्या पुस्तकासाठी १३४ वेगवेगळे आवाज दिले आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. एवढे आवाज कुणाच्याही नुसत्या आठवणीवर टिकत नाहीत. पाचच पात्रे असली तरी रीत तीच ठेवावी. प्रत्येक पात्राचे एक वाक्य निवडून त्याचा दहा सेकंदांचा नमुना वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि त्या दिवशी ज्या पात्रांचे संवाद आहेत त्यांचे नमुने काम सुरू करण्याआधी ऐकायचे. ते वाक्य लेखकाने निवडावे, कारण पात्राचा स्वभाव कुठल्या वाक्यात पूर्ण उतरला आहे हे त्याला माहीत असते. बंटूसाठी “ए आजी, गाडी का थांबली?” हे वाक्य योग्य आहे. “हो” किंवा “नाही” यांसारखे छोटे शब्द नमुन्याला चालत नाहीत, त्यांत पात्राची लय पकडता येत नाही.

आवाज सरकत चालला आहे हे कसे ओळखावे? तिसऱ्या आणि नवव्या प्रकरणातले त्याच पात्राचे एकेक वाक्य पाठोपाठ ऐकावे. सर्वसाधारणपणे दोन गोष्टी झालेल्या आढळतात. एक तर दोन पात्रे एकमेकांच्या जवळ आलेली असतात, बहुधा दोन्ही मुले. किंवा कलाकार दमल्यामुळे पात्र त्याच्या स्वतःच्या आवाजाकडे परतलेले असते. पहिल्याचा इलाज नमुने पुन्हा ऐकण्याने होतो, दुसऱ्याचा त्या दिवसाचे काम थांबवण्याने. ज्या प्रसंगांत ओरडणे आहे, ते त्या दिवसाच्या कामाच्या शेवटी घेण्याची सोय ठेवावी. आजी ड्रायव्हरवर ओरडते तो प्रसंग सकाळी पहिल्यांदा घेतला तर नंतरची हळुवार पाने घोगऱ्या आवाजात येतात.

गतीबद्दल लेखक बहुधा एकच वाक्य लिहितात: मुलांसाठी आहे, सावकाश वाचावे. या सूचनेने बरीच ऑडिओबुके कंटाळवाणी झाली आहेत. मुलाला शब्द कळायला वेळ लागत नाही, चित्र मनात उभे करायला लागतो. म्हणजे शब्द नेहमीच्या वेगाने यावेत आणि वेळ द्यायचा तो वाक्यांच्या मध्ये. सबंध वाक्य ताणून वाचले की त्यातली नैसर्गिक लय मोडते, ‘गाडी… घाटाच्या… मध्यावर…’ असे ऐकताना मूल शेवटच्या शब्दापर्यंत पहिला विसरते. तेच वाक्य सलग म्हणून त्यानंतर पाऊण सेकंद थांबले तर घाट, रस्ता आणि थांबलेली गाडी त्याच्या डोळ्यांसमोर येते. मग येते, ‘आतले दिवे गेले.’

सरासरी गती ठरवण्यासाठी इंग्रजीतले मिनिटाला अमुक शब्द हे हिशेब उचलू नयेत. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, ‘घाटाच्या’, ‘टोपलीतून’, ‘आजीकडे’ हे एकेकच शब्द धरले जातात. त्यामुळे तेवढ्याच वेळात मराठी शब्द कमी बसतात. खात्रीची रीत म्हणजे प्रत्यक्ष मोजणे. निवेदन आणि संवाद दोन्ही असलेले २५० शब्दांचे पान कलाकाराने तीनदा वाचावे, तीन वेगांनी, आणि लेखकाने त्यातले एक निवडावे. समजा, निवडलेल्या वाचनाला दोन मिनिटे पंधरा सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला सुमारे १११ शब्द, आणि १२,००० शब्दांचे पुस्तक साधारण एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांचे होईल. तेच पान एक मिनिट पन्नास सेकंदांत वाचले असते तर पुस्तक दीड तासाच्या आत आटोपले असते. हा वीस मिनिटांचा फरक जवळजवळ सगळा थांबण्यांचा असतो, आणि लेखकाला खरे तर तोच निवडायचा असतो.

सरासरीपेक्षा महत्त्वाच्या असतात त्या ठरावीक जागा. स्वल्पविरामाला साधारण पाव सेकंद, वाक्याच्या शेवटी अर्धा ते पाऊण, परिच्छेद बदलताना एक, आणि प्रसंग बदलताना दोन सेकंद, असा ढोबळ आराखडा कलाकार आपोआप पाळतो. लेखकाने फक्त या आराखड्याबाहेरच्या जागांवर खूण करावी. वरच्या उताऱ्यात अशा तीनच आहेत. पहिली, आजीच्या “आत्ता सुटेल” नंतर. इथे थांबायचे नाही. कोंबडीचे “सुटणार नाही” आजीच्या वाक्याला जवळजवळ चिकटून यायला हवे, कारण ते उत्तर आहे आणि संवादातली उत्तरे वाट पाहत नाहीत. दुसरी जागा ‘कोंबडी म्हणाली’ नंतरची. तिथे दीड सेकंद पूर्ण शांतता. मुलाला ऐकलेले पुन्हा मनात फिरवून पाहायचे असते, आणि शेजारी बसलेल्याकडे बघायचेही असते. तिसरी ‘आजीकडे पाहिले’ नंतरची, सईची नजर वळायला लागेल तेवढीच.

या शांततांना एक धोका असतो. संकलन करताना मोठ्या रिकाम्या जागा आखूड करण्याची रीत असते, कधी तर सॉफ्टवेअरच ठरावीक लांबीच्या वरची शांतता छाटून टाकते. मग लेखकाने आणि कलाकाराने जपून ठेवलेला दीड सेकंद अर्धा होऊन बाहेर येतो. म्हणून अशा जागेवर ‘शांतता कापू नये’ अशी खूण संकलकाच्या प्रतीतही असावी. दुसऱ्या बाजूने, तीन सेकंदांच्या पुढे मुलाला फोन बंद पडला असे वाटते. गाडीत ऐकणाऱ्यांना तर त्याही आधी.

पुन:पुन्हा येणाऱ्या ओळींचा नियम वेगळा आहे. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक प्राण्याजवळ तोच संवाद येतो, आणि मूल दुसऱ्या वेळेपासून तो स्वतः म्हणू लागते. कलाकाराला मात्र तीच ओळ दर वेळी वेगळी करण्याचा मोह होतो. ते टाळावे, असे टिपणात लिहावे. चाल, वेग आणि पॉज सगळे तसेच राहिले तरच मुलाला सोबत म्हणता येते. बदल एकदाच, शेवटच्या वेळी, जिथे कथा वळते. तिथे ओळीआधी थोडे जास्त थांबले की मूल सावध होते.

उत्कंठेच्या प्रसंगात वेग वाढवावा की कमी करावा, यावर एकच उत्तर नाही. पळापळ असेल, गाडी उतारावरून मागे घसरत असेल, तर वाक्ये एकमेकांना लागून यावीत आणि श्वास वाक्यांच्या मध्ये चोरून घ्यावा. काहीतरी लपलेले असेल तर उलट. पण दोन्हींत शब्दांचा उच्चार धूसर होता कामा नये. मोठे ऐकणारे हुकलेला शब्द संदर्भाने भरून काढतात. सहा वर्षांच्या मुलाकडे तेवढा शब्दसाठा नसतो, म्हणून घाईच्या पानातही नवा शब्द पहिल्यांदा येतो तिथे वेग किंचित मोडावा. ‘टोपली’ साठी गरज नाही, ‘वळणबंधारा’ सारख्या शब्दाला आहे. असे शब्द लेखकाने अधोरेखित करून द्यावेत, पुस्तकभरात तीस-चाळीसच निघतात.

कुजबुजीचे तांत्रिक पथ्य इथेच सांगायला हवे. खरी कुजबुज म्हणजे आवाजाशिवाय नुसती हवा. ती माइकवर सुस्काऱ्यासारखी येते, आणि चालत्या गाडीत किंवा पंख्याखाली ऐकूच येत नाही. म्हणून ‘सई कुजबुजली’ शेजारी ‘थोडा आवाज ठेवून’ असे लिहावे. कलाकार माइकच्या जवळ येऊन हलका, पण सुरातला आवाज देतो आणि ऐकणाऱ्याला ती कुजबुजच वाटते. ओरडण्यात याच्या उलट. एक पाऊल मागे, तोंड माइकपासून जरा बाजूला, आणि जोर आवाजाच्या मोठेपणाऐवजी ताणात. हेडफोन लावून झोपायला आलेल्या मुलाच्या कानात कंडक्टरची हाक फुटू नये, इतकेच अंतर कुजबुज आणि ओरडणे यांच्यात राखायचे असते.

टिपण कितीही नेमके असले तरी ते कागदावरचा अंदाज असतो. म्हणून संपूर्ण पुस्तक रेकॉर्ड होण्याआधी पंधरा मिनिटांचा नमुना मागवावा, आणि तो पुस्तकाच्या सुरुवातीचाच असण्याचा आग्रह धरू नये. सगळी मुख्य पात्रे एकत्र येतात असा प्रसंग निवडावा. या पुस्तकात तो गाडी बंद पडण्याचाच आहे. नमुना लेखकाने संहिता समोर न घेता ऐकावा, कारण संहिता दिसली की डोळे कानांना मदत करतात. त्यानंतर तो पुस्तकाच्या वयोगटातल्या, गोष्ट न वाचलेल्या एखाद्या मुलाला ऐकवावा. संवादाच्या मधोमध ध्वनिफीत थांबवून ‘आत्ता कोण बोलले?’ एवढेच विचारावे. मूल सई आणि बंटू यांच्यात गोंधळले तर आवाजांतले अंतर वाढवायला हवे. बरोबर उत्तर आले पण ‘गाडी कुठे थांबली?’ याचे उत्तर आले नाही, तर आवाज ठीक आहेत आणि थांबण्याच्या जागा चुकल्या आहेत. आवडले का, असे विचारून काही हाती लागत नाही. मोठ्यांनी विचारले की मुले हो म्हणतात.

नमुना मान्य झाल्यावर लेखकाने पात्रांबद्दल मत बदलू नये. सातव्या प्रकरणाला ‘आजी थोडी कडक हवी होती’ असे सुचले, तर आधीची सहा प्रकरणे पुन्हा करावी लागतात. अनुभवी कलाकारालाही एक तासाच्या तयार ध्वनिफितीसाठी साधारण दोन तास रेकॉर्डिंग लागते आणि संकलन त्यावर वेगळे. पूर्ण पुस्तक ऐकल्यानंतरच्या दुरुस्त्या एका तक्त्यात द्याव्यात. प्रकरण, मिनिट आणि सेकंद, काय ऐकू येते, काय हवे. ‘प्रकरण ३, ०७:४२, “आजीला ऐकू गेले होते” असे वाचले आहे, “आजीला ऐकू गेलेच नव्हते” हवे’ ही दुरुस्ती झालीच पाहिजे, कारण अर्थ उलटला आहे. उच्चाराची चूक असेल तर तीही. अभिनयाबद्दलच्या सूचना मात्र वेगळ्या रकान्यात, आणि त्या कथा कळण्याच्या आड येत असतील तरच. कलाकाराने एखादे वाक्य लेखकाच्या मनातल्यापेक्षा वेगळे म्हटले असेल, पण बोलणारे पात्र ओळखू येत असेल आणि प्रसंग समजत असेल, तर ते वाक्य तसेच ठेवावे.

दुरुस्तीचे तुकडे पुन्हा रेकॉर्ड करताना कलाकाराने आधीची दोन-तीन वाक्ये ऐकून, त्यांच्याच ओघात नवे वाक्य म्हणावे. सुटे म्हटलेले वाक्य शब्दांनी बरोबर असूनही जोडल्यावर उपरे वाटते. पट्टी वेगळी, खोलीतली शांतता वेगळी, माइकचे अंतर वेगळे. असा सांधा राहिला आहे का हे तपासायला लेखकाने दुरुस्त केलेल्या जागेच्या अर्धा मिनिट आधीपासून ऐकावे, तेही एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर, कारण घरात मुले बहुतेक वेळा स्पीकरवरच गोष्ट ऐकतात.